बी ग्रुपची आई आणि पहिला चीक

मंडळी, सुरुवात एका केसनेच करते. ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरी, पहिलटकरीण, रात्री व्यायली आणि चार पिल्लं झाली. चारही एकदम छान, आईला चिकटून चुरूचुरू पीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरच्या ताईंचा फोन आला की सगळ्यात मोठं पिल्लू, जे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त प्यायलं होतं, तेच गेलं. मी म्हटलं बाकीच्यांना ओल्या कापसाने पुसून शू करायला लावा आणि कापसाचा रंग मला सांगा. दोघांचा कापूस काळ्या चहासारखा तपकिरी आला, एकाचा फिकट पिवळा. तो रंग ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मांजरीचा ब्लड ग्रुप कोणी तपासलेलाच नव्हता.

आता हे काय झालं ते सांगते. मांजरांमध्ये मुख्य ग्रुप तीन, ए, बी आणि क्वचित दिसणारा एबी. नावं आपल्यासारखी असली तरी माणसाच्या ग्रुपशी याचा काहीएक संबंध नाही हं, ते डोक्यातून काढूनच टाका. लाल पेशीच्या अंगावर एक प्रकारची साखर असते, ए ग्रुपच्या मांजरात एक एन्झाइम त्या साखरेत छोटासा बदल करतं, बी ग्रुपमध्ये ते एन्झाइम चालत नाही म्हणून साखर मूळ रूपातच राहते. फरक एवढाच, पण बी ग्रुपच्या मांजराचं शरीर त्या बदललेल्या साखरेला परकं मानतं आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या रक्तात ए विरुद्ध जबरदस्त अँटीबॉडी तयार झालेल्या असतात, आपोआप, आधी कधी रक्त चढलेलं नसताना, गाभण राहिलेलं नसताना. म्हणून पहिलीच वीण असली तरी धोका पूर्ण असतो. उलट ए ग्रुपच्या मांजरात बी विरुद्धच्या अँटीबॉडी बहुतेक वेळा कमजोर असतात, त्यामुळे ए आईच्या पोटी बी पिल्लं आली तर सहसा काही होत नाही.

पिल्लं पोटात असताना सुरक्षित असतात, कारण मांजरीच्या वारेतून या अँटीबॉडी फारशा पलीकडे जात नाहीत. घात होतो तो चिकातून. पहिल्या चिकात आईच्या अँटीबॉडी भरभरून असतात आणि नवजात पिल्लाचं आतडं त्या जशाच्या तशा रक्तात घेतं. हे दार साधारण १६ ते २४ तासांत बंद होतं, पण तेवढा वेळ पुरतो. आत गेलेल्या अँटीबॉडी ए पिल्लाच्या लाल पेशी फोडायला लागतात, फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, पिवळेपणा येतो, पिल्लू पिणं सोडतं. जास्त प्यायलेलं पिल्लू आधी का गेलं ते आता लक्षात आलं असेल. लोकांना वाटतं थंडी लागली, आईने अंगाखाली घेतलं, इन्फेक्शन झालं, आणि विणीमागून वीण अशी जाते.

त्या केसमध्ये आम्ही आईचं आणि पिल्लांचं रक्त कार्डवर तपासलं. कार्डावर ए आणि बीचे गोल असतात, थेंब टाकला की जिथे गुठळ्या दिसतात तो ग्रुप. एक कंट्रोलचा गोल पण असतो, तिथेही गुठळ्या आल्या तर रक्त आपलं आपणच चिकटतंय असा अर्थ आणि ते कार्ड वाचायचंच नाही. आई निघाली बी. दोन तपकिरी कापूसवाली ए आणि फिकटवालं बी. दोन्ही ए पिल्लं लगेच आईपासून काढून वरच्या दुधावर ठेवली, त्यातलं एक दुसऱ्या रात्री पिवळं पडून गेलं, दुसरं कमी प्यायलं होतं म्हणून वाचलं, पण दोनेक आठवड्यांनी त्याच्या शेपटीचं टोक काळं पडून वाळलं आणि गळून गेलं. वाचलेल्या पिल्लांत ही खूण दिसते.

त्याला रक्त द्यायची वेळ आली नाही, पण आली असती तर पहिल्या दोन-तीन दिवसांत ए पिल्लाला ए रक्त देऊन उपयोग नाही, कारण आईच्या अँटीबॉडी त्याच्या रक्तात फिरत असतात, त्या नवीन पेशीही फोडतील. तेव्हा बी पेशी द्यायच्या, बऱ्याचदा आईच्याच, पण धुऊन, म्हणजे तिच्या प्लाझ्मातल्या अँटीबॉडी काढून टाकून. ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे.

हीच गोष्ट मोठ्या मांजराला रक्त चढवताना. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना ग्रुप जुळला नाही तरी बहुतेकदा निभावतं, त्यामुळे मांजराचंही तसंच असेल असं धरलं जातं आणि तिथेच चूक होते. बी मांजराला ए रक्त दिलं तर एखाद्या मिलीलिटरनेही जीव जाऊ शकतो, मिनिटांत श्वास मंदावतो, हृदयाचे ठोके घसरतात, उलटी होते, मांजर आडवं पडतं. म्हणून थोडं देऊन बघू हा प्रकार मांजरात नाहीच. ए मांजराला बी रक्त दिलं तर तमाशा दिसत नाही, पण जुळलेल्या पेशी काही आठवडे टिकतात त्या इथे काही दिवसांत संपतात, म्हणजे दिलेलं पाण्यात. आणि ग्रुप जुळला तरी क्रॉसमॅच करा, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त आधी एकमेकांत मिसळून जुळतंय का ते बघा, कारण २००७ मध्ये लाल पेशीवरची मिक नावाची आणखी एक खूण, म्हणजे अँटिजेन, सापडला, तो ज्या मांजरात नसतो तिच्यात त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून असू शकतात आणि नेहमीचं कार्ड ते दाखवत नाही.

परत त्या मांजरीकडे येऊ. ताईंना तिची अजून एक वीण हवी होती आणि बोका तोच. बोका ए होता, पण पहिल्या विणीत बी पिल्लू झालं म्हणजे त्याच्यात बी ग्रुपचं एक जनुक लपलेलं होतं हे नक्की, कारण पिल्लू बी व्हायला ते जनुक दोन्हीकडून यावं लागतं. अशा जोडीत प्रत्येक पिल्लाला ए की बी याची शक्यता निम्मी निम्मी. बोका बी घेतला असता तर सगळी बी झाली असती आणि काळजीच मिटली असती, पण त्यांना तो मिळाला नाही. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, टर्किश अंगोरा यांच्यात बी बऱ्यापैकी असतो, सयामीत जवळपास सगळे ए, म्हणून जात बघून अंदाज येतो पण अंदाजावर वीण ठरवू नका, दोघांचंही कार्ड करा.

या वेळी आम्ही आधीच तयारीत होतो. पिल्लू बाहेर आलं की तोंडाला सड लागायच्या आत बाजूला, नाळेतल्या थेंबावर कार्ड. पाच पिल्लं, दोन ए आणि तीन बी. बी पिल्लं आईजवळच ठेवली, त्यामुळे तिचं दूध चालू राहिलं आणि ती कासावीसही झाली नाही. दोन ए पिल्लांना उबदार खोक्यात ठेवून दर दोन तासांनी वरचं दूध, पूर्ण २४ तास. ए ग्रुपची व्यालेली मांजरी हाताशी असती तर तिच्याकडे लावली असती, कारण वरच्या दुधात रोगाविरुद्धच्या अँटीबॉडी नसतात, ही उणीव राहतेच. आणि कार्ड नसेल तर सगळीच पिल्लं पूर्ण चोवीस तास वेगळी ठेवायची. चोवीस तास झाल्यावर दोघांना आईच्या कुशीत सोडलं, तिने हुंगलं, चाटलं आणि घेतलं. पुढचे तीन दिवस ताई कापसाचे फोटो पाठवत होत्या, पाचही कापूस फिकट.