सातबारा वाचायचा, आधार झाकायचा

(कोपरखैरणे येथे प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या कागदपत्रांची नोंद करणाऱ्या स्वयंसेवकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या जमिनींवर वसली, त्यांतली घणसोली, तळवली, गोठिवली इथून रिक्षाने जाण्याइतकी जवळ आहेत. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळावा म्हणून केलेल्या अर्जांच्या फायली तिथल्या घरांत अजून जपून ठेवलेल्या आहेत. तुम्ही घरी जाता, मोबाइलवर फोटो काढता आणि संगणकाकडून दोन कामांची अपेक्षा धरता. सातबाऱ्यावरचं गाव, गट नंबर, खातेदार, क्षेत्र हे तक्त्यात यावं आणि त्याच फायलीतला आधार क्रमांक कुणाला दिसू नये. ही दोन कामं एकाच प्रोग्रॅमकडे असली तरी त्यांचे नियम उलटे आहेत. तक्ता भरताना शंका आली तर रकाना रिकामा सोडायचा. झाकताना शंका आली तर झाकून टाकायचं. बहुतेक प्रोग्रॅम दोन्हीकडे एकच नियम लावतात, म्हणजे खात्री असेल तरच कृती करतात, आणि तिथेच आधार क्रमांक सुटतो.

आधी वाचनाचं बघू. समजण्यासाठी मी एक उतारा रचून आणला आहे. गटाचं एकूण क्षेत्र ०.३८.४०, म्हणजे शून्य हेक्टर, अडतीस आर, चाळीस चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे शंभर आर आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तेव्हा हे झाले ३,८४० चौरस मीटर. भोगवटादारांत वर वडिलांचं नाव, त्यांच्यापुढे ०.३८.४०. खाली वाटपाच्या फेरफाराने आलेले तीन भाऊ, प्रत्येकी ०.१२.८०. फोटोवरून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने चारही नावं अचूक वाचली. एकही अक्षर चुकलं नाही. तरीही तक्ता चुकला, कारण वडिलांच्या नावावर आडवी रेघ होती. ते नाव कमी झालं होतं. जुन्या संगणकीकृत उताऱ्यावर अशी नावं कंसात दिसायची, नव्यावर रेघ मारलेली दिसतात. अक्षर ओळखणाऱ्याला रेघेचा अर्थ कळत नाही, आणि फोटो हलला असेल तर कंसही गळून पडतो.

ही चूक डोळ्यांनी पकडणं कठीण, पण बेरजेत ती लगेच दिसते. चारही क्षेत्रं मिळवली तर ७,६८० येतात, एकूण क्षेत्राच्या बरोबर दुप्पट. तीन भावांचीच मिळवली तर ३,८४०. म्हणून क्षेत्र वाचलं की हेक्टर, आर आणि चौरस मीटर हे तीन भाग वेगळे ठेवा, चौरस मीटर करा आणि गटाच्या एकूण क्षेत्राशी ताळा घ्या. जुळलं नाही तर सगळी ओळ माणसाकडे पाठवा. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर ०-०७-५ असं दिसलं, तर शेवटचा पाच म्हणजे पाच चौरस मीटर की अर्धा आर, हेसुद्धा हाच ताळा सांगतो. आणि एक विनंती. नावांखाली सामाईक क्षेत्र लिहिलं असेल, तर ते माणशी सारखं वाटून तक्त्यात भरू नका. कुणाचा हिस्सा किती, हे त्या कागदाने सांगितलेलंच नसतं, आणि आपण भरलेला आकडा उद्या कुणीतरी भावकीच्या भांडणात पुढे करेल.

आता झाकण्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

आधार क्रमांकात बारा अंक असतात, पहिला अंक शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला ताळ्याचा अंक असतो. व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची ही पद्धत. एखादा अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ताळा हमखास चुकतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मोह होतो की बारा अंक सापडले, ताळा जमला, तरच तो आधार समजून झाकू. पण अर्जावर हाताने लिहिलेला १ प्रोग्रॅमने ९ वाचला की ताळा फसतो. प्रोग्रॅम म्हणतो, हा आधार नव्हे, आणि फोटोत खरा क्रमांक तसाच उघडा राहतो. वाचनातली चूक प्रोग्रॅमची असते, कागदावरचा आकडा बरोबरच असतो. तेव्हा ताळा फसला म्हणून कधीही उघडं ठेवू नका.

दुसरी फट देवनागरी अंकांची. आकडे शोधण्यासाठी `\d` ही खूण वापरतात. पायथॉनमध्ये मजकूर नेहमीच्या पद्धतीने शोधला तर ती ० ते ९ हे देवनागरी अंकही पकडते, जावास्क्रिप्टमध्ये पकडत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनाची चाचणी इंग्रजी अंकांवर झाली असेल, तर मराठीत भरलेल्या अर्जांवर ते काहीच झाकणार नाही आणि कुरकुरही करणार नाही.

मग अंक मोजून ठरवावं का? तेही पुरत नाही. अर्जावरच्या चौकटींच्या उभ्या रेघांत एखादा अंक हरवतो आणि बाराचे अकरा होतात. हल्लीच्या सातबाऱ्यावर `ULPIN` असा अकरा अंकी भूखंड क्रमांक छापलेला असतो. तो आपल्याला तक्त्यात हवा आहे. दोघांची लांबी सारखी झाली, तर फरक करायचा कशावरून? जागेवरून. आधी पान कसलं आहे ते ठरवा. अर्जाचं पान असेल तर ‘आधार क्रमांक’ या शब्दांपुढचा चौकटींचा पट्टा आत काय वाचलं गेलं याची वाट न बघता आख्खा झाका. सातबाऱ्याचं पान असेल तर `ULPIN` या छापील शब्दाला लागून असलेला आकडा तेवढा राखा, बाकीची लांब अंकमाळ झाका. सातबाऱ्यावर आधार क्रमांक छापलेला नसतो हे खरं, पण झेरॉक्सच्या समासात पेनाने लिहिलेला हमखास सापडतो.

आधार कार्डाच्या झेरॉक्सचा प्रश्न याहून अवघड आहे. ती बऱ्याचदा आडवी किंवा उलटी लावलेली असते, लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चकाकी असते. प्रोग्रॅमला काहीच वाचता येत नाही आणि तो ‘आधार आढळला नाही’ असा शेरा देतो. तो शेरा सुरक्षित समजू नका. अर्जात सोबतच्या कागदांच्या यादीत आधार लिहिला असेल आणि फोटोंत सापडत नसेल, तर ती फाइल अडवून ठेवा. पान चारही दिशांना फिरवून पुन्हा वाचा, तरी जमलं नाही तर माणसाने बघावं. कार्डावरचा क्यूआर कोडही झाकायचा. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता असतो, आणि जुन्या कार्डांच्या कोडमध्ये तर पूर्ण क्रमांक असतो.

शेवटचे चार अंक ओळखीसाठी ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण बाराही अंकांची जागा नीट कळली असेल तरच. नाहीतर सगळाच पट्टा काळा करा.

झाकायचं म्हणजे चित्रातले ठिपकेच बदलायचे. मोबाइलमधल्या हायलायटरची काळी रेघ पुरती अपारदर्शक नसते, उजेड वाढवला की खालचे अंक दिसतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. धूसर केलेले अंकही सुरक्षित नाहीत, कारण अंक दहाच असतात आणि एकेक धूसर करून जुळवता येतो. म्हणून पट्टा ठाम काळ्या रंगाने भरा, चित्र नव्याने साठवा आणि फोटोसोबत दडलेली माहिती काढून टाका. त्यात घराचं ठिकाण असू शकतं आणि कधी कधी न झाकलेल्या मूळ फोटोची छोटी प्रतही असते. मग ते साठवलेलं चित्र पुन्हा वाचून बघा. त्यात `ULPIN` सोडून दुसरी लांब अंकमाळ उरली असेल तर काम झालेलं नाही.

तुमच्यातल्या काही जणांनी सकाळी विचारलं की मूळ फोटो किती दिवस ठेवायचे. झाकलेली प्रत तपासून झाली की त्याच दिवशी फोनमधून, गॅलरीच्या कचरापेटीतून आणि ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते पाठवले गेले तिथून पुसा. ग्रुपमधल्या इतरांच्या फोनमध्ये ते आपोआप उतरलेले असतात, तेव्हा यापुढे न झाकलेला फोटो ग्रुपवर टाकायचाच नाही, असं आजच ठरवून उठू या.