दोन फोटो, एक माणूस? भावालचा खटला आणि बदलणारा चेहरा

[दृश्य: दोन कृष्णधवल फोटो शेजारी शेजारी.]

डावीकडचा तरुण भावालचा मधला राजकुमार, रमेंद्रनारायण रॉय. ढाक्याजवळच्या मोठ्या जमीनदारीचा वारस, शिकारीचा नाद असलेला. १९०९ च्या मे महिन्यात, पंचविशीही पुरी झालेली नसताना, दार्जिलिंगला तो आजारी पडून वारला असं जाहीर झालं. उजवीकडचा माणूस १९२१ मध्ये ढाक्यात नदीकाठी अंगाला राख फासून बसलेला संन्यासी. लोक म्हणू लागले, हाच आपला कुमार. थोड्या दिवसांनी तोही म्हणाला, हो, मीच तो.

बहीण ज्योतिर्मयीनं त्याला भाऊ म्हणून घरात घेतलं. बायको विभावतीनं मात्र साफ नाकारलं. दोघींनीही मूळ माणूस जवळून पाहिलेला होता, हे लक्षात ठेवा.

आपणच कुमार आहोत, असा दावा संन्याशानं १९३० साली कोर्टात दाखल केला. न्यायाधीश पन्नालाल बसू यांच्यापुढे १९३३ च्या अखेरीस सुनावणी सुरू झाली आणि दीड हजारांवर साक्षीदार तपासले गेले. तोपर्यंत वादी पन्नाशीला टेकला होता, अंगानं भरला होता. जुन्या फोटोंत विशीतला सडपातळ शिकारी, समोर हा स्थूल गृहस्थ. मधली पंचवीस वर्षं ताडून पाहायची होती.

[दृश्य: कवटीचं रेखाचित्र. डोळ्यांच्या खोबणी हळूहळू रुंदावतात.]

म्हातारपण म्हणजे सुरकुत्या, असं आपण धरून चालतो. पण सुरकुत्या हा सगळ्यात वरचा थर. खाली हाडसुद्धा स्वस्थ बसलेलं नसतं. वय वाढतं तशा डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, त्यामुळे डोळे आत गेल्यासारखे दिसतात. वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं. नाकाचं भोक जिथे कवटीत उघडतं, तिथली कडही झिजते. नाकाच्या शेंड्याचा आधार जातो आणि शेंडा खाली झुकतो. नाक लांब झालं असं वाटतं, प्रत्यक्षात ते उतरलेलं असतं.

दात पडले की बदल आणखी वेगानं होतो. दाताला धरून ठेवणारं हाड दात गेल्यावर विरघळू लागतं. हनुवटी नाकाच्या जवळ येते, ओठ आत वळतात. ‘तोंडाचं बोळकं’ हा आपला शब्द अगदी नेमका आहे. चेहऱ्याचा खालचा भाग खरोखरच आखूड झालेला असतो. अशा माणसाच्या दोन फोटोंत नाक ते हनुवटी हे अंतर मोजून काय हाती लागणार?

हाडावर चरबी असते, तीही एकसलग नसते, वेगवेगळ्या गाद्यांत वाटलेली असते. गालातल्या काही गाद्या आटतात, जबड्याकाठच्या ओघळतात. आणि माणूस जाड झाला, तर हे सगळं पुन्हा झाकलं जातं. पन्नाशीतला गुबगुबीत चेहरा चाळिशीतल्या खंगलेल्या चेहऱ्यापेक्षा तरुण दिसू शकतो. म्हणजे वय एका दिशेनं, एका वेगानं चेहरा बदलत नाही.

[दृश्य: कानाचा क्लोजअप.]

कान त्यातल्या त्यात भरवशाचा. कडेची घडी, पाळीची ठेवण, पाळी गालाला चिकटलेली की सुटी, हे मोठेपणी फारसं बदलत नाही. लांबी मात्र बदलते. १९९५ साली इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी तिशीपुढच्या २०६ जणांचे कान मोजले. वयाच्या हिशेबानं वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढ निघाली. पंचवीस वर्षांत अर्धा सेंटिमीटर. म्हणून कान ताडायचा तर आकार पाहावा, पट्टी लावू नये. न्यायाधीश बसूंच्या यादीतही कान असा आकारानंच आला आहे: कडेला ठळक कोन, आणि पाळी गालापासून सुटी. पण सुट्या पाळीची माणसं बंगालभर होती. जुळलं म्हणजे शक्यता उरली, इतकंच.

[दृश्य: काचेची निगेटिव्ह, तिच्यावर पेन्सिल फिरवणारा हात.]

आता स्वतः फोटोकडे वळू. त्या काळातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन जागायच्या, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. मधला कुमार गुलाबी गोरा, पिंगट केसांचा. अशा प्लेटवर गुलाबी कातडी सावळी उतरते आणि पिंगट केस काळे. शिवाय स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलनं हात फिरवायची रीतच होती. डाग जायचे, गाल सपाट व्हायचे, गिऱ्हाईक खूश.

अंतराचा खेळ वेगळाच. कॅमेरा हातभर अंतरावर असला की नाक फुगतं आणि कान गालामागे दडतात. तोच चेहरा तीन मीटरवरून टिपला तर रुंद आणि सपाट दिसतो. आपण मोबाइलवर स्वतःला ओळखत नाही, ते यामुळेच. दोन फोटोंत नाक वेगळं दिसलं, तर दोष वयाचा, भिंगाचा की माणसाचा? नुसत्या फोटोवरून हे सुटत नाही.

[दृश्य: पुन्हा ते दोन फोटो.]

कोर्टात नेमकं हेच झालं. दोन्ही बाजूंनी फोटोंचे जाणकार उभे केले. तेच फोटो पाहून एका बाजूचे म्हणाले, माणूस एकच. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, छे, दोन वेगळे. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. साम्य दिसलं तर ते पुरावा, आणि फरक दिसला तर ‘वयामुळे’. एकदा हा शब्द हाताशी आला की कुठलाच फरक आड येत नाही. उलट बाजूलाही तीच सोय: फरक दिसला तर पुरावा, साम्य दिसलं तर योगायोग.

आज चेहरा ताडणारे तपासनीस म्हणून काय करतात? अंतरं मोजणं टाळतात, आणि एका फोटोवर दुसरा चढवून तेवढ्यावरच विसंबत नाहीत. एकेक भाग वेगळा घेऊन आकार पाहतात, आणि आधी न जुळणाऱ्या गोष्टी शोधतात. शक्य असेल तर मधल्या वर्षांचे फोटो मागतात, कारण पंचवीस वर्षांची एक उडी घेण्यापेक्षा पाच-पाच वर्षांच्या पायऱ्या बऱ्या. कुमाराच्या बाबतीत नेमक्या मधल्याच पायऱ्या नव्हत्या. बारा वर्षं साधूंबरोबर फिरणाऱ्याचे फोटो कोण काढणार?

[दृश्य: पिवळा पडलेला विम्याचा कागद.]

मग न्यायाधीशांना पाय रोवायला जागा मिळाली ती चेहऱ्याच्या बाहेर. कुमारानं तरुणपणी आयुर्विमा उतरवला होता. त्या वेळच्या डॉक्टरी तपासणीत ओळखीची खूण नोंदली होती: डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला वेडावाकडा व्रण. पूर्वी गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, त्याचा. वादीच्या डाव्या पायावर तो व्रण होता. पावलांची कातडी खवल्यांसारखी, जी त्या घराण्यात चालत आलेली. एक तुटलेली दाढ. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर चामखीळ. एकेक खूण कुणाकडेही असू शकेल, पण सगळ्या मिळून दुसऱ्या एका माणसात येणार नाहीत, असा बसूंचा हिशेब. २४ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी निकाल वादीच्या बाजूनं दिला. १९४० मध्ये उच्च न्यायालयानं आणि ३० जुलै १९४६ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो कायम ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच वादी वारला.

तीन न्यायालयांनी कुमार ठरवलेल्या त्या माणसाला विभावतीनं शेवटपर्यंत आपला नवरा मानलं नाही.