घरच्या लाइनवर दोन एचपीची मोटर: स्टारच्या पत्त्या डेल्टात कशा बदलाव्यात

मंडळी, आपल्याकडे शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळते. त्यामुळे कडबा कुट्टीची मोटर घरच्या सिंगल फेजवर, ड्राइव्ह लावून चालवायची मागणी वाढली आहे. अशा ड्राइव्हला 230 व्होल्ट सिंगल फेज दिलं की थ्री फेज मिळते, पण तीही 230 व्होल्टचीच. 415 होत नाही. म्हणून मोटरची जोडणी बदलावी लागते.

आधी नेमप्लेट वाचा. 240/415, डेल्टा/स्टार असं लिहिलेलं असेल तरच पुढं जा. याचा अर्थ, प्रत्येक वायंडिंगला 240 व्होल्टच हवेत. 415 च्या लाइनवर स्टारमध्ये तेवढेच पोचतात. 230 वर ते द्यायला डेल्टा करावा लागतो. तीन-पाच एचपीच्या बऱ्याच मोटरींवर 415 डेल्टा असतं. त्यांची वायंडिंगच 415 ची, त्यामुळे पत्त्या बदलून 230 वर पूर्ण ताकद मिळत नाही.

मेन स्विच काढा. ड्राइव्ह जोडलेला असेल तर दहा मिनिटं थांबा, कारण त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आता टर्मिनल बॉक्स उघडा. वर U1, V1, W1 आणि खाली W2, U2, V2 अशी रांग असते. स्टारमध्ये खालचे तिन्ही आडव्या पत्त्यांनी जोडलेले असतात. त्या काढून उभ्या लावा: U1 ला W2, V1 ला U2, W1 ला V2.

इथं रिवायंड केलेली मोटर फसवते. खालची रांग कुणी U2, V2, W2 अशी सरळ लावली असेल, तर उभी पत्ती एकाच वायंडिंगची दोन्ही टोकं जोडते आणि मोटर हलत नाही. म्हणून पत्त्या काढल्यावर मल्टीमीटरनं प्रत्येक वायंडिंगच्या जोड्या शोधा. समजा एका वायंडिंगला 6 ओहम आले, तर डेल्टा केल्यावर कुठल्याही दोन फेजमध्ये 4 ओहम यायला हवेत. 12 आले तर मोटर अजून स्टारमध्येच आहे.

स्टारमध्येच राहिली तर वायंडिंगला जेमतेम 133 व्होल्ट मिळतात आणि ताकद एक तृतीयांश होते. मोकळी फिरते, कडबा टाकला की बसते. उलट चूक जास्त महाग पडते: डेल्टा केलेली मोटर पुन्हा शेतीच्या 415 वर लावली, तर मोकळीच घुमते, तापते आणि काही मिनिटांत जळते. म्हणून झाकणावर आतून-बाहेरून ‘डेल्टा, फक्त 230’ असं रंगानं लिहाच.

करंटही वाढतो. 415 वर 3.3 अँपिअर घेणारी मोटर डेल्टात सुमारे 5.7 घेते. ड्राइव्हमध्ये मोटर व्होल्टेज 230, फ्रिक्वेन्सी 50 आणि करंट 5.7 भरा. आधी पट्टा काढून चालवा. डिस्प्लेवर मोकळ्या मोटरचाच करंट 5.7 च्या आसपास दिसला, तर लगेच बंद करून पत्त्या पुन्हा तपासा.