एका घनमीटर काँक्रीटला किती सिमेंट, किती वाळू, किती खडी?

नमस्कार श्रोतेहो. आज कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा, थोडा हिशोब मांडायचा आहे. घराचा स्लॅब टाकायचा, मिस्त्री सांगतो ‘एक-दीड-तीनचा माल’, म्हणजे सिमेंट एक भाग, वाळू दीड भाग, खडी तीन भाग. या प्रमाणाला साधारणपणे एम-20 म्हणतात. प्रश्न एवढाच, की त्यासाठी गोण्या किती मागवायच्या आणि वाळू-खडी किती ब्रास?

सगळे भाग मिळून होतात साडेपाच. इथे अनेक जण सरळ एक घनमीटरला साडेपाचने भागतात आणि सव्वापाच गोण्या लागतील असं धरून चालतात. पण एक घनमीटर कोरडा माल कालवला, तर एक घनमीटर काँक्रीट मिळत नाही, सुमारे पाऊण घनमीटरही मिळत नाही. सैल ओतलेल्या खडीत चाळीस ते पंचेचाळीस टक्के जागा पोकळ असते. वाळू त्या पोकळीत शिरते, आणि वाळूच्या कणांमधली जागा सिमेंट आणि पाणी भरून काढतं. भर घातलेला माल असा एकमेकांत बसतो, म्हणून ठोकून भरलेलं काँक्रीट कोरड्या बेरजेच्या जवळपास पासष्ट टक्केच भरतं. उलट बाजूने पाहिलं तर एक घनमीटर काँक्रीटसाठी 1.54 घनमीटर कोरडा माल. हाच तो गुणक. काही जण 1.52 धरतात, काही 1.57. खडीचा आकार आणि वाळूचा जाडेपणा बदलला की तो थोडा हलतो, म्हणून दुसऱ्या दशांशावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता लिहून घ्या.

1.54 ÷ 5.5 = 0.28 घनमीटर. हा एक भाग, म्हणजे सिमेंट.
0.28 × 1440 = 403 किलो. पन्नास किलोच्या गोणीने भागलं की आठ गोण्या.
वाळू त्याच्या दीडपट, 0.42 घनमीटर.
खडी तिप्पट, 0.84 घनमीटर.

यातला 1440 हा आकडा म्हणजे एक घनमीटर सिमेंटचं धरलेलं वजन, किलोमध्ये. त्यावरून एका गोणीचं घनफळ साधारण पस्तीस लिटर येतं. मात्र प्रत्यक्ष कामावर सिमेंट कधीही फर्म्याने मोजू नका. गोणी फोडून ओतलं की ते फुगतं आणि फर्म्यात कमी वजन भरतं. पूर्ण गोणी हेच सिमेंटचं माप धरा. वाळू-खडीसाठी आतून तीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि एकोणचाळीस उंच असा फर्मा करून घ्या. तो बरोबर पस्तीस लिटरचा होतो. एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. घमेल्यांवर मोजलेला माल भरवशाचा नसतो, कारण घमेली एका मापाची नसतात आणि दुपारनंतर ती तितकी शिगोशीग भरलीही जात नाहीत.

हिशोब बरोबर आला का, हे दुसऱ्या वाटेने तपासता येतं. पोकळी वगळून निव्वळ दगड आणि भुकटी किती जागा घेते ते पाहू. 403 किलो सिमेंट 128 लिटर जागा घेतं. वाळू घनमीटरला सोळाशे किलो धरली तर 254 लिटर. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टची खडी सैल घनमीटरला साडेचौदाशे किलो धरली तर 435 लिटर. गोणीमागे पंचवीस लिटर पाणी, म्हणजे आठ गोण्यांना 200 लिटर. बेरीज 1017 लिटर, त्यात अडकून राहणारी थोडी हवा. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे 1.54 मध्ये दोन-तीन टक्के सांडलवंड आधीच धरलेली आहे. त्यावर आणखी दहा टक्के वाढवून मागवणं मला अनावश्यक वाटतं.

एक उदाहरण घेऊ. स्लॅब चाळीस चौरस मीटरचा, जाडी बारा सेंटिमीटर. घनफळ 4.8 घनमीटर. सिमेंट 39 गोण्या, वाळू सुमारे दोन घनमीटर, खडी सुमारे चार. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि एका घनमीटरचे होतात 35.3 घनफूट. म्हणून वाळू 71 घनफूट, जवळजवळ पाऊण ब्रास, आणि खडी 142 घनफूट, जवळजवळ दीड ब्रास. तुळयांचं घनफळ यात नाही, ते वेगळं काढून मिळवायचं. सुरुवातीचा सव्वापाच गोण्यांचा हिशोब केला असता तर इथे फक्त पंचवीस गोण्या आल्या असत्या, आणि स्लॅब दोन-तृतीयांशावर अडला असता. अर्धवट थांबलेल्या स्लॅबला सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: ओली वाळू. वाळूत चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. वाळू तितकीच, पण ढीग वीस-पंचवीस टक्के मोठा. बारीक वाळू जास्त फुगते. क्रश सँडही फुगते. तपासायचं असेल तर सरळ बाजूंच्या भांड्यात ओली वाळू सैल भरून उंची मोजा. मग ती बाहेर काढा, भांड्यात थोडं पाणी घ्या, वाळू परत त्यात टाका आणि नीट ढवळा. पूर्ण बुडालेली वाळू खाली बसते. समजा आधी चोवीस सेंटिमीटर होती आणि आता वीस भरली, तर वाळू वीस टक्के फुगलेली आहे.

मग आपले 71 घनफूट 85 धरून मागवा, आणि गोणीला दीड फर्म्याऐवजी 1.8 फर्मा घाला. हे केलं नाही तर मालात वाळू कमी पडते, खडी उघडी राहते आणि फळ्या काढल्यावर खाली पोकळ, जाळीदार भाग दिसतो. गंमत अशी, की मिस्त्री तो खडबडीत माल मऊ करायला आणखी पाणी ओततो आणि ताकद तिथेच जाते. काँक्रीटच्या कामाची भारतीय संहिता आयएस 456, तिच्यात या दर्जाला गोणीमागे जास्तीत जास्त तीस लिटर पाणी दिलं आहे. ओल्या वाळूसोबत गोणीमागे साडेतीन-चार लिटर पाणी आधीच आलेलं असतं, ते वजा करा. त्याच संहितेत असा ठराविक प्रमाणाचा माल फक्त एम-20 पर्यंतच चालतो. अभियंत्याने नकाशावर एम-25 लिहिलं असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा, तिथे डिझाइन मिक्सच हवा, म्हणजे चाचण्या करून त्या कामासाठी ठरवलेलं प्रमाण.

काम चालू असतानाही आकडा पडताळता येतो. आठ गोण्यांत एक घनमीटर, म्हणजे बारा सेंटिमीटर जाडीचा सव्वाआठ चौरस मीटर स्लॅब भरला पाहिजे. पहिल्या आठ गोण्या संपल्यावर टेप लावा. साडेसातच भरला असेल, तर आधी जाडी मोजा. चाळीस चौरस मीटरवर एका सेंटिमीटरची जादा जाडी तीनहून अधिक गोण्या खाते, आणि बहुतेक वेळा सेंटरिंग खचलेलं असतं किंवा लेव्हल चुकलेली असते. जाडी बरोबर निघाली, तर फर्मा कसा भरला जातोय ते मिक्सरजवळ उभं राहून पाहा.