मासे, दूध आणि चैत्ररथ वनातला वाद

मासे खाल्ले की वरून दूध प्यायचं नाही, नाहीतर अंगावर कोड उठतं. ही समजूत आली कुठून, ते शोधत गेलं की आपण चरकसंहितेपाशी पोहोचतो. सूत्रस्थान, अध्याय २६.

चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत. आहाराची चर्चा चालू आहे. एकमेकांशी न जुळणाऱ्या पदार्थांचा, म्हणजे विरुद्ध आहाराचा विषय निघतो आणि आत्रेय सांगतात, मासे दुधाबरोबर खाऊ नयेत. दोन्ही मधुर, पण दूध शीत आणि मासे उष्ण. या विरोधाने रक्त दूषित होतं आणि शरीरातले मार्ग अडतात, असा त्यांचा तर्क.

तिथेच भद्रकाप्य नावाचे ऋषी वेगळं मत मांडतात. ते म्हणतात, सगळे मासे दुधाबरोबर खावेत, फक्त चिलिचिम सोडून. या चिलिचिमाचं वर्णनही ग्रंथात आहे: खवले असलेला, लाल डोळ्यांचा, अंगभर लाल रेघा, आणि बहुधा जमिनीवर फिरणारा. आत्रेय हे मान्य करत नाहीत. कुठलाच मासा दुधाबरोबर नको, चिलिचिम तर मुळीच नको, असा ते निर्णय देतात. म्हणजे ज्या ग्रंथाचा आपण हवाला देतो, त्यातच या प्रश्नावर दोन मतं नोंदलेली आहेत. आणि या उताऱ्यात शब्द दुधाचा आहे, दह्याचा नाही.

त्याच अध्यायात पुढे एक सवलत येते, ती मात्र घराघरांत पोहोचलीच नाही. ज्याला तो आहार सवयीचा आहे, जो थोडाच खातो, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, व्यायामाने बळकट आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असं चरक सांगतात.

मग कोड कुठून आलं? चिकित्सास्थानातल्या सातव्या अध्यायात पांढऱ्या डागांची कारणं दिली आहेत. खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचं कर्म आणि विरुद्ध अन्न. ही यादी नीट ऐका. ज्याच्या अंगावर डाग, त्याचंच काहीतरी चुकलं असणार, हा आरोप तिच्यात आहे. लग्न जुळवताना कोड असलेल्या मुलीकडे आजही ज्या नजरेनं पाहिलं जातं, त्यात हा आरोप जिवंत आहे, आणि तो अन्यायाचा आहे.

कोडात नेमकं काय घडतं, हे आज ठाऊक आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते आणि त्या पेशी नष्ट होतात. यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. मासे आणि दूध एकत्र पोटात गेल्याने ही प्रक्रिया सुरू होते, असा पुरावा नाही. पोटात दोन्हींतल्या प्रथिनांचे तुकडे होतात आणि ते रक्तात शोषले जातात, एवढंच. कोडाशी ज्याची गल्लत केली जाते, त्या कुष्ठरोगाचा तर जंतूच सापडला आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये शोधला. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कित्येक वर्षं जातात, त्यामुळे कालच्या जेवणाशी त्याची सांगड घालताच येत नाही.

तरीही लोकांचा अनुभव पूर्ण खोटा नाही. समजा, दुपारी बांगडा खाल्ला, वर ताक प्यायलं, आणि तासाभरात चेहरा लाल झाला, अंगावर पुरळ उठलं, डोकं ठणकायला लागलं. दोष ताकावर जातो. पण बांगडा किंवा कुपा पकडल्यावर लगेच बर्फात ठेवला नाही, तर जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. मासा शिजवला तरी ते नष्ट होत नाही. खाताना कधी कधी जिभेला तिखट, चुरचुरीत लागतं. तोच मासा खाणाऱ्या इतरांनाही असा त्रास झाला आणि तो काही तासांत ओसरला, तर संशय हिस्टामिनवर घ्यावा. एकट्यालाच, आणि दर वेळी मासे खाल्ल्यावर पुरळ येत असेल, तर ती माशांची अ‍ॅलर्जी असू शकते. दुधाचीही अ‍ॅलर्जी असते. अशा माणसाने तो पदार्थ टाळायलाच हवा, दुसरा सोबत असो वा नसो. श्वास कोंडला किंवा ओठ-जीभ सुजली, तर थेट दवाखाना गाठावा.

अशा पुरळाला खाज असते आणि ते विरतं. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे असतात, सहसा खाजत नाहीत, आणि आठवड्या-महिन्यांत हळूहळू पसरतात. आणि मासे दूध-दह्यासोबत खाणारे लोकही आहेतच. बंगालमध्ये दह्यातला मासा, दोई माछ, पिढ्यान्‌पिढ्या शिजतो. उत्तर युरोपात माशांचं सार दुधात करतात.

सगळेच पांढरे डाग कोडाचे नसतात. शिबं बुरशीमुळे होतात आणि औषधाने जातात. त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात डाग पाहतात, कोडाचा डाग त्यात झळझळीत उठून दिसतो. त्यानंतर मलम किंवा अतिनील किरणांचे उपचार सुरू होतात. त्यासाठी कोड असलेल्या मुलाचं दूध किंवा मासे बंद करावे लागत नाहीत.