दुरुस्तीच्या कमेंटची पहिली ओळ

मंडळी, यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओत चूक राहिली, तर दुरुस्तीची कमेंट कशी लिहायची, यासाठी एक उदाहरण धरून चालू. गोव्यातल्या सप्तकोटीश्वराच्या देवळावरच्या व्हिडिओत निवेदक म्हणतो, "शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये दिवाडी बेटावरच्या या देवळाचा जीर्णोद्धार केला." साल बरोबर आहे, ठिकाण चुकलं. ही चूक सहज होते, कारण नार्वे दोन आहेत. मूळ देवस्थान दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीज काळात ते पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यात आला, आणि ती जागाही नार्वे म्हणूनच ओळखली जाते. जीर्णोद्धार झाला तो इथे.

यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. नवा व्हिडिओ टाकला तरी जुनी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते. म्हणून दुरुस्तीची कमेंट पिन करायची. पिन एकच राहते. तिथे जत्रेची सूचना असेल तर ती खाली जाईल, जाऊ द्या.

मोबाइलवर व्हिडिओखाली कमेंटच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. "आम्ही दिवाडी म्हटलं होतं..." अशी सुरुवात केलीत, तर घाईत वाचणारा पुन्हा दिवाडीच लक्षात ठेवतो. खरी माहिती आधी, क्षमा शेवटी:

```
दुरुस्ती: आजचं सप्तकोटीश्वर देऊळ डिचोली
तालुक्यातल्या नार्व्यात आहे. 4:10 ला दिवाडी
म्हटलं, ते चूक. दिवाडीवर मूळ देवस्थान होतं.
१६६८ साल बरोबर आहे: शिलालेखात शके १५९०,
कार्तिक. बाकी निवेदनात बदल नाही. क्षमस्व.
```

वेळ इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे तिची लिंक होते आणि लोकांना थेट ती जागा ऐकता येते. "साल बरोबर" हे मुद्दाम लिहायचं, नाहीतर वाचणारा सगळ्याच इतिहासावर शंका घेतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. लेखातला महिना कार्तिक आहे, म्हणून ७८ आणि १६६८. "भावना दुखावल्या असल्यास" हे मात्र लिहू नका. चूक ठिकाणाची आहे, श्रद्धेची नाही, आणि त्या वाक्याने वाद भलत्याच दिशेला जातो.

कमेंट सगळेच उघडून पाहत नाहीत. म्हणून डिस्क्रिप्शनमध्येही, चॅप्टर्सची यादी असेल तर तिच्याखाली, दुरुस्ती द्या. पहिला शब्द इंग्रजीतच हवा, खुलासा मराठीत चालतो:

```
Correction:
4:10 देऊळ दिवाडीवर नाही, डिचोलीतल्या नार्व्यात आहे.
```

यामुळे त्या वेळेला व्हिडिओच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं कार्ड येतं. चुका दोन असतील तर कार्ड पहिल्याच वेळेला येतं, म्हणून कमेंटमध्ये दोन्ही लिहा. त्याच भागाचा शॉर्ट काढला असेल, तर त्याच्याखालीही स्वतंत्र कमेंट पिन करावी लागते. मूळ व्हिडिओची तिथे दिसत नाही.