प्रिंटरचा पंखा थांबत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. मी सांगलीत प्रिंटर दुरुस्त करतो. एप्रिल लागला की फोन सुरू होतात, "पंखा घोंघावतोय, प्रिंटर हाताला भाजतोय, पेटणार तर नाही ना?"

बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनरची भुकटी असते. ती कागदावर पक्की बसवायला आतला फ्यूजर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो. म्हणून कागद गरम येतो, फ्यूजरजवळचं झाकण तापतं आणि ती उष्णता बाहेर टाकायला पंखा फिरतो. छपाई संपल्यावरही तो काही मिनिटं फिरणारच. तेवढ्यात भिंतीवरचं बटण बंद करू नका; आतली उष्णता आतच कोंडते. शाईच्या प्रिंटरला फ्यूजर नसतो, त्यामुळे तो तापला तर मात्र लगेच बंद करून दाखवावा.

मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानाचं सांगतो. हळदीच्या पट्ट्या आणि बिलं दिवसभर छापायची. दुपारी पंधरा-वीस पानं झाली की प्रिंटर थांबायचा, पडद्यावर Cooling Down यायचं. मालकांना वाटलं, फ्यूजर गेला. तो चांगला महागडा भाग! जाऊन पाहिलं तर प्रिंटर भिंतीतल्या कोनाड्यात, गरम हवा बाहेर टाकायची जाळी भिंतीपासून जेमतेम दोन बोटांवर, वर फायलींचा ढीग. गरम हवा भिंतीवर आपटून परत आतच जात होती. त्यात जाळीवर हळदीच्या धुळीचा पिवळा थर. शिवाय पुष्कळ लेझर प्रिंटर साधारण 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, आणि त्या पत्र्याखाली दुपारी चाळीसच्या पुढं तापमान होतं.

आम्ही प्लग काढला, तासभर थंड होऊ दिला. जाळी बाहेरून मऊ ब्रशनं झाडली. प्रिंटर उघड्या टेबलावर आणला, जाळीच्या बाजूला वीतभर जागा सोडली, फायली उचलल्या. टेबलफॅन खोलीत हवा खेळेल असा ठेवला, पण जाळीवर रोखला नाही; समोरून झोत आला तर बाहेर पडणारी हवा अडते. मग कागदाची पातळ पट्टी जाळीसमोर धरली. ती बाहेर फडफडली, म्हणजे पंखा हवा फेकतोय. त्या दुपारी साठ पानं न थांबता निघाली.

ही पट्टीची परीक्षा घरीही करता येते. प्रिंटर तापलाय आणि पट्टी हलतच नाही, पंखा खरखरतो, किंवा छपाई थांबून अर्धा तास झाला तरी जोरात फिरतोय, तर कारागीर बोलवा. जळका वास किंवा धूर आला, तर आधी प्लग काढा. अशा वेळी थंड होण्याची वाट बघायची नसते. झाकण मात्र तासभर उघडू नका, फ्यूजरला बोट लागलं तर चटका बसतो.